रोहित्राचा चाचणी अहवाल मराठीत करताना

मी नागपुरात भाषांतराची कामं करते. बहुतेक कोर्टाचे कागद, खरेदीखतं, मृत्युपत्रं, बँकेची पत्रं. जूनच्या शेवटी एका सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेच्या सचिवांचा फोन आला: रोहित्राचा म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा चाचणी अहवाल आहे, चार पानं, मराठीत करून हवाय. विजेचं काम आजवर कधी वाट्याला आलं नव्हतं. आता ते पार पडलंय, तेव्हा असाच अहवाल हातात घेऊन कुणी बसलं असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

संस्था सावनेरकडची. तिचं स्वतःचं ५०० केव्हीएचं रोहित्र आहे. ११ हजार व्होल्टचा पुरवठा त्यात येतो आणि ४३३ व्होल्ट होऊन कारखान्यात जातो. कापूस दिवाळीच्या आसपास यायला लागतो, म्हणून यंत्रं बंद असताना, मेच्या मध्यात, संस्थेने एका खासगी एजन्सीकडून चाचण्या करून घेतल्या. अहवाल जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आला. तो वाचून संचालकांत दोन तट पडले. एकाचं म्हणणं रोहित्र गेलं, नवीन घ्या. दुसऱ्याचं म्हणणं तेल गाळा आणि चालवा. निर्णय ऑगस्टच्या वार्षिक सभेत व्हायचा होता, सभासद सगळे शेतकरी, आणि सभेची नोटीस १४ दिवस आधी निघावी लागते. म्हणजे मराठी प्रत जुलै संपायच्या आत हवी होती.

पैशाचं आधीच सांगते. अशा अहवालाला शब्दांवर दर लावू नका. चार पानांत शब्द मोजके असतात, आकडेच जास्त, आणि वेळ सगळा आकड्यांवर जातो. मी पानाला ६०० रुपये सांगितले. "पाच-पाच ओळी तर आहेत मॅडम," असं म्हणत सचिवांनी २,००० वर आणायचा प्रयत्न केला. शेवटी २,४०० ठरले, त्यात सभेपूर्वीची एक दुरुस्ती धरून.

अहवालात तीन मुख्य चाचण्या होत्या. पहिली इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे विजेला अडवणारं आवरण किती शाबूत आहे ते बघायची, वायरमन ज्याला "मेगर मारणं" म्हणतात ती. दुसरी वाइंडिंगच्या गुणोत्तराची. तिसरी तेलाची बीडीव्ही, म्हणजे विजेच्या किती दाबाला तेलातून ठिणगी पडते ते. पहिल्या पानावर बाहेरून केलेल्या पाहणीच्या ओळी होत्या आणि शेवटच्या पानावर शेरा.

शब्दांचा प्रश्न मी लवकर मिटवला. रोहित्र, उच्चदाब, लघुदाब हे शब्द महावितरणच्या मराठी पत्रकांत आणि वर्तमानपत्रांत रोज येतात, ते घेतले. वाइंडिंगला "वेटोळे" आणि त्यातल्या फेऱ्यांना "वेढे" घेतलं. बाकी मेगर, टॅप, बीडीव्ही तसंच ठेवलं, कारण सभेत उठून बोलणारा वायरमन हेच शब्द बोलणार होता. टर्मिनलवरची अक्षरं जशीच्या तशी रोमन ठेवली. ती रोहित्राच्या अंगावर कोरलेली असतात. ती बदलली तर कागद आणि यंत्र जुळणार नाही. तक्त्यातले आकडेही मूळ अहवालासारखेच ठेवले. सचिवांना देवनागरी हवे होते, पण दोन प्रती शेजारी ठेवून बोट फिरवणाऱ्याला तेच सोयीचं पडतं.

खरी अडचण अर्थाची होती. तक्ता पुढे ठेवून मी बसले तेव्हा मेगरच्या तक्त्यात तीन ओळी दिसल्या: उच्चदाब ते अर्थिंग, लघुदाब ते अर्थिंग, उच्चदाब ते लघुदाब. पहिल्या ओळीत ८२०. आणि तक्त्याच्या डोक्यावर एकक म्हणून छोटा एम आणि पुढे ओमेगाचं चिन्ह. मोठा एम असता तर मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम. छोटा एम म्हणजे मिलिओहम, एका ओहमचा हजारावा भाग. दोन्हींत एक अब्जाचा फरक. ८२० मिलिओहम म्हणजे वेटोळे आणि अर्थिंग यांच्यामध्ये इन्सुलेशन उरलेलंच नाही, तांब्याची तार थेट टाकीला टेकलीय. असं रोहित्र चार्ज केल्याबरोबर उडालं असतं. तिसऱ्या पानावर वेटोळ्यांच्या स्वतःच्या रोधाचा छोटा तक्ता होता, तिथे मिलिओहमच बरोबर होतं. तिथलं डोकं इथे चिकटवलं गेलं असावं हे उघड होतं.

इंग्रजीत ही चूक डोळ्याआड होते, कारण जाणकार माणूस मनात मोठा एमच वाचतो. देवनागरीत छोटं-मोठं अक्षर नसतं. मला "मेगा" किंवा "मिलि" यांपैकी एक पूर्ण लिहावंच लागणार होतं. गुपचूप "मेगाओहम" लिहिता आलं असतं, पण मग माझी प्रत मूळ कागदापेक्षा वेगळं बोलली असती, आणि संचालकांत आधीच भांडण असताना कुणी तेच धरून बसलं असतं. म्हणून सचिवांना सांगितलं की एजन्सीला लेखी विचारा. त्यांनी मेल केला. दोन दिवसांत फोनवर "हो हो, मेगाच आहे, करून घ्या तुम्ही" असं उत्तर आलं. मी म्हटलं, फोनवरचं चालणार नाही, दुरुस्त पान द्या, सही आणि तारखेसह. ते यायला दहाएक दिवस गेले. तुम्हालाही असं काही दिसलं तर पहिल्याच दिवशी विचारा. उशीर तिथेच होतो.

त्या मधल्या काळात मला एक काका भेटले. ओळखीतल्या कुणाचे तरी शेजारी, वीज मंडळात उपकेंद्रांवर चाचण्या करण्यातच नोकरी गेलेली, आता निवृत्त, प्रतापनगरात राहतात. चहा झाला आणि त्यांनी अहवाल मागितला. चष्मा वर करून त्यांनी आकड्यांच्या आधी तेलाचं तापमान शोधलं. "४२ अंश," म्हणाले. "मागच्या वर्षीचा आहे का?" होता, सचिवांनी संदर्भासाठी दिला होता. त्यात तीच ओळ १,६०० मेगाओहम होती. नवीन रोहित्र घ्या म्हणणाऱ्या गटाचा सगळा भर याच्यावरच होता: १,६०० चे ८२० झाले, वर्षात अर्धं इन्सुलेशन संपलं.

काकांनी जुन्या अहवालावरचं तापमान दाखवलं, ३२ अंश. ती चाचणी डिसेंबरात झाली होती. तेल आणि कागदाच्या इन्सुलेशनचा रोध तापमान वाढलं की झपाट्याने उतरतो. ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांना तो निम्मा होतो. ३२ अंशांना १,६०० असेल तर ४२ अंशांना ८०० च्या आसपास यायलाच हवा. आला ८२०. म्हणजे वर्षभरात काहीच बिघडलं नव्हतं. फक्त यावेळी नागपूरच्या मे महिन्यात मेगर मारला होता. "दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे तर आधी एका तापमानाला आणावे लागतात," काका म्हणाले, "नाहीतर दर उन्हाळ्यात रोहित्र मरतं आणि दर हिवाळ्यात जिवंत होतं."

यातून मी मराठी प्रतीत एक बदल केला. मूळ अहवालात तापमान पानाच्या वरच्या कोपऱ्यात, तारीख आणि मीटरचा अनुक्रमांक यांच्या गर्दीत होतं. मजकूर एक शब्दही न बदलता मी ती ओळ तक्त्याच्या लगेच वर आणली: "चाचणीवेळी तेलाचं तापमान ४२ अंश सेल्सिअस, वाचन ६० सेकंदांनंतरचे." जागा बदलण्याला मी एजन्सीची आणि सचिवांची दोघांची मंजुरी घेतली. जागा बदलणंही बदलच असतो.

दुसरा घोळ गुणोत्तराचा. एका तरुण संचालकाने मोबाइलवर ११,००० ला ४३३ ने भागून पाहिलं होतं. उत्तर आलं २५.४. अहवालात मात्र तिसऱ्या टॅपसमोर, म्हणजे वेढे थोडे कमी-जास्त करायच्या तिसऱ्या पायरीसमोर, ४४ छापलेलं. सचिवांच्या कार्यालयात तो मला म्हणाला, "ताई, हे तं पावणेदोनपट निघून राह्यलं. एक तं मशीन खोटी, नाहीतं कागद खोटा."

दोन्ही खरं होतं, आणि कारण रोहित्राच्या आतल्या जोडणीत आहे. उच्चदाब बाजूची तीन वेटोळी त्रिकोणात जोडलेली असतात. प्रत्येक वेटोळं दोन तारांच्या मध्ये असतं आणि त्याला पूर्ण ११,००० व्होल्ट मिळतात. लघुदाब बाजूची तीन वेटोळी ताऱ्यासारखी, एक टोक तारेला आणि दुसरं न्यूट्रलला. त्यामुळे त्या वेटोळ्यावर ४३३ व्होल्ट नसतात, ४३३ भागिले १.७३२ म्हणजे २५० असतात. चाचणीचं यंत्र एका वेटोळ्याची दुसऱ्या वेटोळ्याशी तुलना करतं. ११,००० भागिले २५०, बरोबर ४४. त्याने भागाकार चुकवला नव्हता. त्याने तारांचं गुणोत्तर काढलं होतं आणि अहवालात वेढ्यांचं होतं. पावणेदोनपट वाटलं ते ३ च्या वर्गमुळाने, १.७३२ ने.

इथे शीर्षक "व्होल्टेजचे गुणोत्तर" असं लिहिलं असतं तर सभेत कागदच खोटा ठरला असता. मूळ शीर्षकही वेढ्यांचंच होतं, म्हणून "वेढ्यांचे गुणोत्तर (प्रत्येक फेजच्या वेटोळ्यांमधील)" असं लिहिलं. कंसातला भाग मूळ तक्त्यातल्या टर्मिनलच्या जोड्यांवरून आला, माझ्या मनचा नव्हता. त्या जोड्या वाचल्याशिवाय हे पान कुणी भाषांतरित करू नये.

रोहित्राला पाच टॅप होते, दोन टॅपमध्ये अडीच टक्क्यांचं अंतर. त्यामुळे अपेक्षित गुणोत्तरं ४६.२, ४५.१, ४४, ४२.९ आणि ४१.८ अशी पायरीपायरीने उतरतात. मोजलेले आकडे तिन्ही फेजना याच्या अगदी जवळ होते. तिसऱ्या टॅपवर सगळ्यात मोठा ४४.०५. अहवालात अर्धा टक्का फरक मान्य म्हणून लिहिलं होतं, म्हणजे ४४ वर ०.२२. हा फरक ०.०५. काकांनी एवढ्यावरून वेटोळी निर्धोक असल्याचं सांगितलं, आणि बिघाड असता तर कसा दिसला असता तेही. एकाच फेजचा आकडा सगळ्या टॅपवर सरकलेला असेल तर त्या वेटोळ्यात काही वेढे एकमेकांना भिडल्याची शंका घ्यायची. एकाच टॅपवर विचित्र आकडा येत असेल तर आधी टॅप स्विचचे संपर्क बघायचे. हे सगळं मी प्रतीत घातलं नाही. माझ्या वहीत आहे.

तेलाचं पान वाचून मला काही कळेना, म्हणून काकांच्या ओळखीने हिंगणा एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत जाऊन बीडीव्ही होताना पाहिली. ज्याला शक्य असेल त्याने नक्की पाहावी. काचेच्या भांड्यात तेल ओततात, हळूच, बुडबुडे येऊ न देता. आत दोन पितळी गोळ्या समोरासमोर. त्यांच्यातलं अंतर अडीच मिलिमीटर, ते गेजची पट्टी घालून तपासतात. झाकण लावलं की पाच मिनिटं थांबायचं, बुडबुडे वर जावेत म्हणून. मग बटण. पडद्यावरचा आकडा सेकंदाला दोन किलोव्होल्टने चढतो. चौदा, सोळा, अठरा, आणि मध्येच चट् असा आवाज, गोळ्यांमध्ये निळसर ठिणगी, यंत्र बंद. गोळ्यांच्या मध्ये काळपट धाग्यासारखं काहीतरी क्षणभर तरंगतं, ढवळणी ते पसरवून टाकते. दोन मिनिटं थांबून पुन्हा. असं सहा वेळा.

संस्थेच्या अहवालातली सहा वाचनं होती २२, २८, २५, ३१, २६ आणि २४. बेरीज १५६, सरासरी २६ किलोव्होल्ट. वापरातल्या अशा रोहित्रासाठी आयएस १८६६ या भारतीय मानकाप्रमाणे किमान ३० हवं, हे अहवालातच छापलेलं. तेल गाळायचीही गरज नाही म्हणणाऱ्या एकाने त्यातलं ३१ धरून ठेवलं होतं. ठिणगी पाहिल्यावर कळतं की तसं का चालत नाही. तेलात ओलावा आणि कागदाचे बारीक तंतू असतील तर एखाद्या वेळी तो तंतू नेमका गोळ्यांच्या मध्ये येतो आणि दाब कमी असतानाच ठिणगी पडते, एखाद्या वेळी येत नाही. म्हणून एक वाचन काहीच सांगत नाही आणि सरासरी घ्यावी लागते. मूळ अहवालात सरासरी तक्त्याच्या खाली साध्या अक्षरात होती. मराठी प्रतीत ती तिथेच ठेवली, फक्त तिची ओळ "सहा वाचनांची सरासरी" अशी पूर्ण लिहिली, मूळात "एव्हीजी." एवढंच होतं.

सरासरी कमी येण्याचं कारण पहिल्या पानावर होतं आणि ते कुणीच वाचलं नव्हतं. पाहणीच्या यादीत एक ओळ होती, सिलिका जेल गुलाबी. रोहित्राला बाजूला एक ब्रीदर असतो. दिवसा तेल तापून फुगतं, रात्री आक्रसतं, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते; ती ब्रीदरमधल्या सिलिका जेलमधून जाताना कोरडी होते. जेल कोरडं असेल तर निळं, ओलाव्याने भरलं की गुलाबी. गुलाबी झालेलं जेल बदललं नाही तर पावसाळ्यात रोज रात्री दमट हवा थेट तेलावर येते. मी ती ओळ "सिलिका जेलचा रंग गुलाबी" एवढीच लिहिली. पुढे "म्हणजे ओलावा" असं जोडायचा मोह झाला, पण चाचणी करणाऱ्याने ते लिहिलं नव्हतं.

त्याऐवजी सचिवांच्या संमतीने एक वेगळं पान केलं, अहवालाला न जोडलेलं, "वाचकांसाठी टीप" असं नाव दिलेलं. त्यात तीनच परिच्छेद: तापमान आणि मेगर, ४४ कुठून येतं, सरासरी का. काकांनी ते तपासून सही केली, नाव त्यांचं, भाषा माझी. अहवाल कोणता आणि स्पष्टीकरण कोणतं हे वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळायला हवं. दोन्ही एकाच पानावर आलं की सभेत कुणीतरी टीपेतलं वाक्य "अहवालात लिहिलंय" म्हणून वाचतो.

शेऱ्यात दोन ओळी होत्या. पहिली, वेटोळ्यांच्या चाचण्या समाधानकारक. इथे "रोहित्र समाधानकारक" लिहिणं सोपं होतं आणि चूकही. दुसरी, तेल गाळून पुन्हा चाचणी करावी. कोणी, कधी, कोणाच्या खर्चाने, हे इंग्रजीत नव्हतं, म्हणून मराठीतही आणलं नाही. सहीच्या जागी "मूळ प्रतीवर चाचणी अभियंत्याची सही व शिक्का आहे" असं लिहिलं आणि तळाशी, अर्थाबाबत शंका आल्यास मूळ इंग्रजी प्रत ग्राह्य, ही ओळ टाकली. माझी सही फक्त "भाषांतर केले" याखाली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दुरुस्त पान आलं, मी एकक भरलं आणि प्रत दिली. झेरॉक्स आणि बाइंडिंग संस्थेने केलं. सभेला मी गेले नव्हते. सचिवांनी नंतर सांगितलं की नवीन रोहित्राचा ठराव मांडलाच गेला नाही. तापमानाची ओळ वाचून झाल्यावर संस्थेचा वायरमन उठून म्हणाला, "ते गुलाबी जेल मी मागच्या पोळ्यापासून सांगून राह्यलो." थोडी बाचाबाची झाली आणि तेल गाळायचा ठराव मंजूर झाला. पाऊस उघडल्यावर करायचा ठरला; तेल तापवून निर्वातात गाळत असले तरी भर पावसात टाकीचं झाकण उघडणं कुणालाच नको होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गाळल्यानंतरचा एक पानाचा अहवाल आला, सहा वाचनांची सरासरी ५६ किलोव्होल्ट. सचिवांचं म्हणणं, साचा तयार आहे तर हे असंच करून द्या. मी पानाचे ६०० लावले, कारण आकडे पुन्हा सगळे तपासावे लागलेच, आणि यावेळी नमुना कुठल्या व्हॉल्व्हमधून घेतला ती नवीन ओळ होती. आधीच्या कामाचे पैसे लेखापरीक्षकाच्या शेऱ्यानंतर, सप्टेंबर संपता संपता चेकने मिळाले. संस्थांचं काम घेणार असाल तर बिलावर ठरावाचा क्रमांक मागून लिहा, नाहीतर तो चेक त्याहून उशिरा निघतो.